एकाच पानावर चार्ट आणि टेबल: पॉवर बीआयमध्ये स्लायसर न हलवता बटनाने अदलाबदल

आमच्याकडे सोमवारी सकाळी काकाजी आणि त्यांचा मुलगा एकाच पडद्यासमोर बसतात. वाडीच्या गोदामातून नागपूर जिल्ह्यातल्या 14 तालुक्यांना खत जातं, त्याचा आठवड्याचा हिशेब पाहायचा असतो. मुलाला चार्ट हवा असतो, कारण कोणता तालुका मागे पडला ते पट्ट्यांची लांबी पाहून लगेच कळतं. काकाजींना आकडा हवा असतो. "पट्टी लांब आहे ते दिसलं मले, पण कुहीत पोती किती गेली ते सांग."

दोघंही बरोबर आहेत, आणि याचं कारण खताच्या पोत्यातच आहे. युरियाचं पोतं 45 किलोचं असतं, डीएपीचं 50 किलोचं. समजा कुहीला युरियाची 1,200 आणि डीएपीचीही 1,200 पोती गेली. पोती सारखीच, पण वजन 54 टन आणि 60 टन. तालुक्यांची तुलना करायची तर सगळं टनांत आणावं लागतं, तेच चार्टवर येतं. ट्रक भरणाऱ्या माणसाला मात्र पोती मोजायची असतात, आणि ती टेबलातच दिसतात. म्हणून चार्ट ठेवून टेबल काढणं किंवा टेबल ठेवून चार्ट काढणं, यातलं काहीच जमणारं नव्हतं.

आधी मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. 14 पट्ट्या अर्ध्या पानात दाटीवाटीने बसल्या, भिवापूर आणि पारशिवनीची नावं अर्धीच दिसायला लागली, आणि टेबलाला आडवा स्क्रोल आला. मग दोघांना पूर्ण पान द्यायचं, एका वेळी एकच दाखवायचा आणि अदलाबदलीला बटन ठेवायचं असं ठरवलं. ते काम अर्ध्या तासात झालं, आणि पुढच्याच सोमवारी फसलं. काकाजींनी स्लायसरमध्ये जून निवडला, चार्ट पाहिला, टेबलाचं बटन दाबलं, आणि समोर मार्चचे आकडे आले.

"मी तं जून लावला होता नं, हा मार्च कुठून आला?"

मी परत जून लावून दिला, पण त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली आणि पुढचा सगळा हिशेब वहीवरून केला. या लेखाचा मोठा भाग त्या एका चुकीबद्दल आहे. बटन लावणं सोपं आहे. बुकमार्कने काय लक्षात ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवणं हे खरं काम आहे.

मार्च कुठून आला

पॉवर बीआयमधला बुकमार्क पुस्तकात घालायच्या खुणेसारखा नसतो. पुस्तकातली खूण फक्त पान सांगते. हा बुकमार्क त्या क्षणी पान कसं होतं ते जवळपास सगळं नोंदवून ठेवतो: कोणते फिल्टर लागले होते, स्लायसरमध्ये काय निवडलं होतं, टेबल कोणत्या स्तंभाने लावलं होतं, ड्रिल कुठपर्यंत गेलं होतं, कोणती व्हिज्युअल दिसत होती आणि कोणती लपलेली होती. बटन दाबलं की ही सगळी स्थिती परत आणली जाते.

मी बुकमार्क बनवत होतो तेव्हा चाचणीसाठी स्लायसरमध्ये मार्च निवडलेला होता. त्यामुळे माझ्या बुकमार्कच्या नोंदीत "टेबल दाखव, चार्ट लपव" याच्या जोडीला "महिना मार्च" हेही गेलं. टेबल दाखवताना त्याने मार्चही परत आणला. त्याने सांगितलं तेवढंच केलं, फक्त मी नको तेवढं सांगून ठेवलं होतं.

यावर उपाय दोन खुणांचा आहे. बुकमार्कच्या तीन टिंबांच्या मेनूत `Data`, `Display` आणि `Current page` असे तीन पर्याय असतात, आणि त्यांच्याखाली `All visuals` की `Selected visuals` अशी निवड असते. आपल्या कामासाठी `Data` वरची खूण काढायची, म्हणजे फिल्टर, स्लायसर आणि क्रम यांना बुकमार्क हात लावणार नाही. `Display` ठेवायचं, कारण दिसणं आणि लपणं त्यातच येतं. आणि `Selected visuals` निवडायचं. हे शेवटचं का, ते पुढे येईल. त्याचा फटका आम्हाला महिन्याभराने बसला होता.

आधी पान तयार करणं

चार्टसाठी टनांचं मेजर लागेल. विक्रीच्या टेबलात पोती आहेत आणि मालाच्या टेबलात एका पोत्याचं वजन आहे, असं धरून:

```
Total Tonnes =
SUMX ( Sales, Sales[Bags] * RELATED ( Product[BagKg] ) ) / 1000
```

चार्ट आडव्या पट्ट्यांचा घ्या. तालुक्यांची नावं उभ्या पट्ट्यांखाली तिरकी होतात आणि वाचायला मान वाकडी करावी लागते. टेबलात तालुका, युरियाची पोती, डीएपीची पोती, एकूण टन आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे टन एवढेच स्तंभ ठेवले आहेत. टेबल मिळतंय म्हणून त्यात सगळंच कोंबण्याचा मोह होतो. तो आवरा, नाहीतर आडवा स्क्रोल परत येईल.

दोन्ही व्हिज्युअल तंतोतंत एकाच जागी असायला हवीत. माऊसने ओढून जुळवू नका, दोन-चार पिक्सेलचा फरक राहतो आणि अदलाबदलीच्या वेळी पान हलल्यासारखं वाटतं. व्हिज्युअल निवडा, `Format` मध्ये `General`, त्यात `Properties`, आणि तिथे आकडे भरा. आमचं पान 1280 बाय 720 आहे. चार्ट आणि टेबल दोन्हींसाठी आडवी जागा 40, उभी जागा 150, रुंदी 1200 आणि उंची 530 असे आकडे घातले. टेबल ठेवलं की खालचा चार्ट झाकला जाईल. तो तसाच झाकलेला राहू द्या.

दोघांना एकच शीर्षक द्या, आणि त्यात निवडलेला महिना येऊ द्या:

```
Title Text =
"तालुकावार खतविक्री: "
    & SELECTEDVALUE ( 'Calendar'[MonthName], "एकाहून जास्त महिने" )
```

हे मेजर शीर्षकाला जोडायला `General` मध्ये `Title`, आणि `Text` च्या शेजारचं `fx` बटन दाबायचं. तिथे `Field value` निवडून हे मेजर द्यायचं. याचा दुहेरी उपयोग आहे. बघणाऱ्याला प्रत्येक वेळी महिना समोर दिसतो, आणि बटन दाबल्यावर महिना हलला तर तो चोरून हलत नाही, शीर्षकात लगेच पकडला जातो. आमच्या पहिल्या आवृत्तीत हे शीर्षक नव्हतं. काकाजींचं स्लायसरकडे लक्ष गेलं म्हणून मार्च सापडला, नाहीतर ते मार्चचे आकडे जूनचे म्हणून वाचून मोकळे झाले असते.

दोन बटनं आणि चार नावं

`Insert` मधून `Buttons`, आणि त्यात `Blank` घ्या. अशी दोन बटनं करा. एकावर "टेबल पाहा" लिहा, दुसऱ्यावर "चार्ट पाहा". मजकूर बटनाच्या `Style` मध्ये लिहायचा असतो, आणि तिथे `State` नावाचा पर्याय असतो: साधी स्थिती, माऊस वर नेल्यावरची, दाबल्यावरची. माऊस वर नेल्यावर रंग थोडा गडद होईल एवढं करा. हे दाबायचं बटन आहे, नुसती पाटी नाही, हे माणसाला त्यावरून कळतं.

बटनावर काय लिहायचं यावर आमच्याकडे खरंच चर्चा झाली. नुसतं "टेबल" लिहिलं तर ते "आत्ता टेबल दिसतंय" असंही वाचता येतं आणि "दाबलं की टेबल येईल" असंही. "पाहा" जोडलं की पहिला अर्थ उरत नाही.

चार्ट दिसत असताना फक्त "टेबल पाहा" दिसेल, आणि टेबल दिसत असताना फक्त "चार्ट पाहा". त्यामुळे दोन्ही बटनं एकाच जागी एकावर एक ठेवता येतील, असं वाटतं, आणि बहुतेक जण तसंच करतात. मी तसं करू नका म्हणेन. आमचे गोदामवाले भाऊ प्रत्येक गोष्टीवर दोनदा क्लिक करतात, वर्षानुवर्षांची सवय आहे. पहिल्या क्लिकने टेबल येतं आणि त्याच जागी दुसरं बटन उगवतं, दुसरं क्लिक त्यावर पडतं आणि चार्ट परत येतो. त्यांना वाटतं बटन बिघडलं. आम्ही दोन्ही बटनं शेजारी शेजारी ठेवली, पानाच्या उजव्या कडेला, प्रत्येकी 160 रुंद, मध्ये 10 ची फट. तेव्हापासून तक्रार नाही.

आता `View` मध्ये जाऊन `Selection` आणि `Bookmarks` हे दोन्ही पेन उघडा. `Selection` मध्ये पानावरच्या सगळ्या वस्तूंची यादी दिसेल, आणि त्यात दोन बटनांचं नाव एकच असेल. नावावर दोनदा क्लिक करून ती बदला. मी अशी ठेवली:

```
चार्ट_तालुका
टेबल_तालुका
बटन_टेबलकडे
बटन_चार्टकडे
```

हा कंटाळा करू नका. सहा महिन्यांनी पानावर 20 वस्तू असतील, त्यातल्या पाचांचं नाव `Button` असेल, आणि तेव्हा कोणतं काय हे शोधण्यात सकाळ जाईल.

बुकमार्क बनवणं, याच क्रमाने

इथे क्रमाला महत्त्व आहे, म्हणून सावकाश सांगतो.

आधी चार्टची स्थिती लावा. `Selection` पेनमध्ये नावाशेजारच्या डोळ्यावर क्लिक करून `टेबल_तालुका` आणि `बटन_चार्टकडे` लपवा. `चार्ट_तालुका` आणि `बटन_टेबलकडे` दिसत राहतील.

आता त्याच पेनमध्ये कंट्रोल की दाबून धरून चारही नावांवर एकेक क्लिक करा. लपलेल्या वस्तूही यादीतून अशा निवडता येतात, आणि त्या निवडायलाच हव्यात. इथे अनेक जण फक्त दिसणाऱ्या दोन वस्तू निवडतात. मग बुकमार्कला टेबल लपवायचं हे माहीतच नसतं, आणि बटन दाबल्यावर चार्टच्या वर टेबल तसंच बसून राहतं.

चारही निवडलेल्या असतानाच `Bookmarks` पेनमध्ये `Add` दाबा. मध्ये पानाच्या मोकळ्या जागी क्लिक करू नका, निवड सुटते. नवीन बुकमार्कच्या तीन टिंबांवर जा, `Data` ची खूण काढा, `Selected visuals` निवडा, आणि चारही वस्तू अजून निवडलेल्या आहेत हे पाहून त्याच मेनूतलं `Update` दाबा. मग नाव बदलून "चार्ट" करा.

आता दुसरी स्थिती. चार्ट आणि `बटन_टेबलकडे` लपवा, टेबल आणि `बटन_चार्टकडे` दाखवा. परत चारही वस्तू निवडा, `Add`, तेच दोन बदल, `Update`, आणि नाव "टेबल".

एक सापळा इथेच आहे. बुकमार्कच्या नावावर क्लिक केलं की तो लगेच लागू होतो. समजा टेबलाची स्थिती तुम्ही नीट लावली आणि "टेबल" बुकमार्क अद्ययावत करायचा म्हणून आधी त्याच्या नावावर क्लिक केलं. झालं, जुनी स्थिती परत आली आणि तुमचं काम गेलं. त्यानंतर `Update` दाबलं तरी जुनंच पुन्हा साठवलं जातं. म्हणून अद्ययावत करताना नावाला हात लावायचा नाही, थेट तीन टिंबांवर जायचं.

शेवटी बटनं जोडायची. `बटन_टेबलकडे` निवडा, त्याच्या फॉरमॅटमध्ये `Action` चालू करा, `Type` मध्ये `Bookmark`, आणि खालच्या यादीतून "टेबल". दुसऱ्या बटनाला "चार्ट". लपलेलं बटन पानावर दिसत नाही, पण `Selection` च्या यादीतून निवडलं की त्याचं फॉरमॅट उघडतं.

डेस्कटॉपवर नुसतं क्लिक केलं तर बटन फक्त निवडलं जातं. चालवून पाहायला कंट्रोल दाबून क्लिक करावं लागतं. प्रकाशित केल्यावर बघणाऱ्याला साधं क्लिक पुरतं. पण बघणाऱ्यांपैकी कोणी ब्राउझरमध्ये रिपोर्ट संपादनासाठी उघडला असेल तर त्यालाही कंट्रोल लागेल. "माझ्याकडे बटन चालत नाही" असा फोन आला की मी आधी हेच विचारतो.

चाचणी: मुद्दाम पान बिघडवून पाहा

बटन दाबलं, टेबल आलं, परत दाबलं, चार्ट आला. एवढ्यावर चाचणी थांबवली तर माझ्यासारखाच मार्च सापडेल, कारण बुकमार्क बनवताना जी स्थिती होती तिच्यात सगळं बरोबरच दिसतं. चूक दिसायची असेल तर आधी ती स्थिती बदलावी लागते.

मी आता असं करतो. स्लायसरमध्ये असा महिना निवडतो जो बुकमार्क बनवताना निवडलेला नव्हता. टेबलाचा क्रम डीएपीच्या स्तंभाने उलटा लावतो. मग चार्टवर जातो, तिथून परत टेबलावर येतो. शीर्षकात तोच महिना असायला हवा, आणि क्रम मी लावला तसाच असायला हवा. दोन्हींपैकी एक जरी मूळ जागी गेला असेल तर कुठल्या तरी बुकमार्कवर `Data` ची खूण राहिली आहे. बहुतेक वेळा ती एकाच बुकमार्कवर राहिलेली असते, म्हणून चूक एका दिशेनेच होते: टेबलाकडे जाताना महिना टिकतो, चार्टकडे येताना हलतो. एकदाच दाबून पाहणाऱ्याला ती सापडत नाही.

महिन्याभराने बसलेला फटका

मुलाने सांगितलं, याच पानावर खाली उधारीचाही एक छोटा चार्ट टाका, आणि त्यालाही असंच टेबल द्या. मी वरचा भाग थोडा छोटा केला, खाली दुसरी जोडी लावली, बटनं लावली. वरचं टेबल उघडून खालच्या चार्टचं टेबल उघडलं, तर वरचं टेबल बंद होऊन वर चार्ट आला.

खालचे दोन बुकमार्क मी घाईत बनवले होते आणि ते `All visuals` वर राहिले होते. त्या निवडीत बुकमार्क पानावरच्या प्रत्येक वस्तूचं दिसणं-लपणं नोंदवतो. खालची जोडी बनवताना वर चार्ट दिसत होता, म्हणून "वर चार्ट" हीसुद्धा त्या नोंदीचा भाग झाली. `All visuals` ठेवूनच हे निभवायचं म्हटलं तर प्रत्येक जोडस्थितीसाठी वेगळा बुकमार्क लागतो: दोन जोड्यांना चार, तीन जोड्यांना आठ, आणि बटनांची संख्याही तशीच वाढत जाते. `Selected visuals` ने प्रत्येक जोडी स्वतःपुरती राहते. तीन जोड्या असतील तर सहाच बुकमार्क, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

याची किंमत एकच आहे. `Selected visuals` चा बुकमार्क फक्त त्याला सांगितलेल्या वस्तू ओळखतो. तुम्ही टेबल काढून त्या जागी मॅट्रिक्स आणलं तर ते नवीन मॅट्रिक्स बुकमार्कला ठाऊक नाही. ते दोन्ही स्थितींत दिसत राहील. अशा वेळी दोन्ही बुकमार्क नव्या वस्तूसह परत निवडून `Update` करायचे. बुकमार्क खोडून नवा बनवू नका. नाव तेच दिलं तरी बटन जुन्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे त्याची जोडणी तुटते. नाव बदलल्याने मात्र काही बिघडत नाही.

असंच पानाची नक्कल करताना होतं. आम्हाला बियाण्यांसाठी हेच पान हवं होतं, मी `Duplicate page` केलं. बटनं आली, दिसायला सगळं जागच्या जागी. पण बुकमार्कची नक्कल होत नाही. नव्या पानावरची बटनं जुन्या पानाच्या बुकमार्कलाच जोडलेली होती, म्हणून बियाण्यांच्या पानावर "टेबल पाहा" दाबलं की माणूस उडी मारून खताच्या पानावर पोचत होता. नक्कल केलेल्या प्रत्येक पानासाठी दोन नवे बुकमार्क बनवायचे आणि बटनांची जोडणी बदलायची, याला पर्याय नाही. `Current page` ची खूण मी ठेवतो त्याचं कारण हेच. ती काढली तर उडी बसत नाही, बटन दाबून काहीच घडत नाही, आणि चूक शोधायला जास्त वेळ लागतो.

बटन चार्टखाली गेलं तर

बटनाची कड चार्टच्या चौकटीत थोडी शिरलेली असेल तर कोणी चार्टवर क्लिक केल्यावर चार्ट पुढे येतो आणि बटनाचा तो भाग त्याखाली जातो. सोपा उपाय म्हणजे बटन चार्टच्या चौकटीबाहेर ठेवणं. जागा नसेल तर चार्ट आणि टेबल दोन्हींच्या `Properties` मध्ये `Advanced options` खाली `Maintain layer order` चालू करा, म्हणजे क्लिक केल्यावरही वर-खालचा क्रम बदलत नाही.

नेव्हिगेटर कधी घ्यावा

`Insert`, `Buttons`, `Navigator` मध्ये `Bookmark navigator` आहे. तो एका गटातल्या बुकमार्कची बटनं आपोआप बनवतो, त्यांवर बुकमार्कचीच नावं येतात, आणि आत्ता कोणता लागू आहे ते बटन वेगळ्या रंगात दिसतं. त्यासाठी दोन्ही बुकमार्क निवडून त्यांचा गट करायचा आणि नेव्हिगेटरच्या फॉरमॅटमध्ये तो गट द्यायचा. मग बटनं लपवायची-दाखवायची भानगड उरत नाही, बुकमार्कमध्ये फक्त चार्ट आणि टेबल निवडायचं.

माझं मत असं की दोनच पर्याय असतील तर हाताने लावलेली बटनं चांगली, कारण त्यांवर "पाहा" लिहिता येतं आणि बघणाऱ्याला एकच गोष्ट दाबायची असते. चार्ट, टेबल आणि नकाशा असे तीन झाले की नेव्हिगेटर घ्या. तीन स्थितींत प्रत्येकी दोन बटनं दाखवायची आणि बाकीची लपवायची म्हटलं की कुठलं तरी एक चुकतंच. बुकमार्कचे `Data` आणि `Selected visuals` हे दोन नियम मात्र नेव्हिगेटरलाही तसेच लागू आहेत.

हे वापरण्याआधी

पॉवर बीआयमध्ये चार्टवर उजवं क्लिक करून `Show as a table` मिळतं, काहीही न बनवता. तुमच्या बघणाऱ्याला चार्टमधलेच आकडे हवे असतील तर तेवढं पुरे आहे, हा सगळा खटाटोप करू नका. आमच्या चार्टमध्ये फक्त टन आहेत, म्हणून तिथेही टनच दिसले. पोती दिसायला वेगळं टेबलच लागलं.

लपवलं म्हणजे सुरक्षित झालं असंही समजू नका. मुलाने एकदा विचारलं की उधारीचं टेबल लपवून बटनच काढून टाकलं तर विक्रीची पोरं ते पाहू शकणार नाहीत ना. `Selection` पेनमधला डोळा पानाच्या मांडणीसाठी आहे, माहिती राखण्यासाठी नाही. कोणी काय पाहावं हे ओळींवरच्या सुरक्षा नियमांनी किंवा वेगळ्या रिपोर्टनेच ठरवायचं.

प्रकाशित करण्याआधी एक सवय लावून घ्या: "चार्ट" बुकमार्क लावा, स्लायसर हव्या त्या महिन्यावर ठेवा, मग फाइल सेव्ह करून `Publish` करा. रिपोर्ट पहिल्यांदा उघडताना तुम्ही सोडलेल्या स्थितीत उघडतो. आमचा एकदा टेबलाच्या स्थितीत गेला आणि मुलाला दोन दिवस वाटत राहिलं की चार्ट काढून टाकलाय.

आणि कागदावर किंवा पीडीएफमध्ये बटन दाबता येत नाही. लपलेलं व्हिज्युअल छापलं जात नाही, दिसतं तेवढंच येतं. काकाजी महिनाअखेरीला प्रत काढून वहीत लावतात, त्यांना त्यात पोतीही हवी असतात आणि पट्ट्याही. त्यांच्यासाठी रिपोर्टमध्ये "छपाई" नावाचं वेगळं पान केलं आहे. त्यात वर चार्ट, खाली टेबल, दोन्ही कायम दिसणारे, आणि बटन एकही नाही. महिन्याचा स्लायसर मात्र दोन्ही पानांत `Sync slicers` ने जोडला आहे, म्हणजे पडद्यावर जून पाहिला की कागदावरही जूनच येतो.